इंग्रजी जोडू नका, आयतं उचला

"मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या एक्सपोर्ट विभागात काम करते. वय २७, बी.कॉम., सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. ईमेल नीट लिहिते, पण परदेशातल्या खरेदीदाराचा फोन आला की गाडी अडते. आधी मनात मराठी वाक्य तयार होतं, मग एकेका शब्दाचं इंग्रजी शोधते, तोवर पलीकडून 'हॅलो? हॅलो?' सुरू. परवा मी 'इज माय व्हॉइस कमिंग?' म्हणाले, तर शेजारचा सहकारी हसला. काळ सगळे पाठ आहेत. गल्लीत तेलुगू मात्र फाडफाड बोलते. मराठीत विचार करणं बंद कसं करू? क्लास लावू, की रोज दहा नवे शब्द पाठ करू?"
– पूर्व भागातली एक वाचक

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. तेलुगूचं. ती भाषा तुम्हाला कुणी शिकवली? शेजारच्या अक्का दुपारी दारातून "तिन्नावा?" म्हणाल्या आणि जेवणाची वेळ होती म्हणून तुम्हाला कळलं की त्या "जेवलीस का?" विचारताहेत. त्यात धातू कोणता, काळ कोणता, पुरुष कोणता, हे तुम्ही बघितलं नाही. अख्खं वाक्य एका दमात कानात गेलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच एका दमात तोंडातून बाहेर आलं. पुढे कधीतरी "विन्नावा?" ऐकलं, म्हणजे "ऐकलंस का?", आणि दोन्हींच्या शेवटी सारखंच काहीतरी आहे हे आपोआप लक्षात आलं. आधी तुकडा आला, व्याकरण त्याच्या मागून.

इंग्रजीच्या बाबतीत शाळेने आपल्याला बरोबर उलटं करायला लावलं. आधी नियम दिले, मग शब्दार्थांची यादी दिली आणि सांगितलं, आता जोडा. पेपर लिहिताना जोडायला वेळ मिळतो. ईमेल लिहितानाही मिळतो, म्हणून तुमचे ईमेल नीट असतात. फोनवर तो वेळ नसतो.

त्यामुळे "मराठीत विचार करणं बंद कसं करू" हा प्रश्न मला थोडा बाजूला सारावासा वाटतो. ते बंद होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. काय बोलायचंय ते मराठीत सुचलं तर सुचू दे. फक्त ते शब्दाशब्दाने पलीकडे नेऊ नका. "आवाज येतोय का?" हे मराठीतही आपण शब्द जोडून बोलत नाही, ते एक अख्खं ठरलेलं बोलणं आहे. इंग्रजीतही त्या प्रसंगाचं अख्खं ठरलेलं बोलणं आहे: "कॅन यू हिअर मी?" त्यात "आवाज" नाही, "येणं" नाही. शब्द मोजत बसलात तर दोन्हींचा मेळ कधीच बसणार नाही. प्रसंग एकच आहे, एवढं लक्षात घेतलं की बसतो.

गंमत म्हणजे तुमच्या "इज माय व्हॉइस कमिंग?" मध्ये व्याकरणाची एकही चूक नाही. शाळेतल्या बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली असती. हे कोडं भाषेच्या अभ्यासकांनाही पडलं होतं. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सेस सायडर यांनी १९८३ मध्ये ते नेमकं मांडलं. लग्नाची इच्छा सांगणारी कितीतरी व्याकरणशुद्ध इंग्रजी वाक्यं रचता येतात, "आय विश टू बी वेडेड टू यू" हेही त्यातलंच. पण माणूस म्हणतो ते "आय वॉन्ट टू मॅरी यू" एवढंच. शक्य असलेल्या असंख्य शुद्ध वाक्यांपैकी लोक मोजकीच वापरतात आणि ती त्यांच्या डोक्यात आयती भरलेली असतात, असं त्यांचं म्हणणं. न अडखळता बोलता येतं ते त्या साठ्यामुळे. शिकवणारे अशा आयत्या तुकड्यांना चंक म्हणतात. आपण तुकडाच म्हणू.

आता तुमच्याच टेबलावरचा एक फोन घेऊ. बाथ टॉवेलची ऑर्डर आहे. मंजूर झालेल्या लॅब डिपशी, म्हणजे रंगाच्या नमुन्याशी, शेड जुळली नाही, म्हणून लॉट परत डाय केला. त्यात दोन दिवस गेले, न्हावाशेवा बंदराचा कटऑफ, म्हणजे माल पोचवायची शेवटची वेळ, चुकला आणि कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला गेला. हे खरेदीदाराला सांगायचंय. मनात मराठीत साधारण असं येईल: "तुम्हाला सांगायचं होतं की माल लेट होणार आहे. शेड जुळली नाही, परत डाय करावं लागलं. पुढच्या जहाजाने जाईल. नक्की तारीख विचारून सांगते. शुक्रवारपर्यंत कागद पाठवते. बरं, ठेवते." अडचण या मराठीत नाही. प्रत्येक वाक्याच्या जागी इंग्रजीचा कुठला आयता तुकडा बसतो, एवढंच ठाऊक हवं.

"सांगायचं होतं की" याचं शब्दश: होतं "आय वॉन्टेड टू टेल दॅट". इथे वाक्य लंगडं पडतं, कारण इंग्रजीतल्या "टेल"ला कुणाला सांगितलं ते लगेच पुढे लागतं. नियम आठवत बसण्यापेक्षा हा तुकडा उचला: "आय जस्ट वॉन्टेड टू लेट यू नो दॅट..." फोनची सुरुवात यानेच करायची, बातमी चांगली असो की वाईट.

बातमी वाईट असेल तर पुढचा तुकडा: "आय'म अफ्रेड देअर्स गोइंग टू बी अ डिले." यातलं "अफ्रेड" घाबरण्याचं नाही, "सांगायला बरं वाटत नाही, पण" या अर्थाचं आहे. तो शब्द सुटा पाठ केलेला माणूस इथे तो कधीच वापरणार नाही, कारण त्याच्या वहीत त्यापुढे "घाबरलेला" लिहिलेलं असतं. रोज दहा शब्द पाठ करायच्या तुमच्या बेताला माझा विरोध आहे तो यासाठी.

"करावं लागलं" साठी "वी हॅड टू". "द शेड डिडन्ट मॅच, सो वी हॅड टू री-डाय द लॉट." हा तुकडा उघडा आहे, त्याच्या पुढची जागा रिकामी आहे आणि तीत तुमच्या कामातलं काहीही बसतं: वी हॅड टू रीपॅक द कार्टन्स, वी हॅड टू होल्ड द ट्रक, वी हॅड टू चेंज द लेबल्स. शिकलेलं व्याकरण इथे उपयोगी पडतं. पाठ केलेले काळ वाया गेलेले नाहीत, फक्त आता त्यांनी अख्खं वाक्य उभं करायचं नाही, रिकाम्या जागा भरायच्या. जहाजाचंही तसंच: "इट'ल गो आउट ऑन द नेक्स्ट व्हेसल."

"विचारून सांगते" हे तर तुम्ही दिवसातून दहा वेळा म्हणत असाल. त्याचं "आय विल आस्क अँड टेल" करू नका. "लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू." एकच तुकडा शिकायचा असता तर मी हाच सांगितला असता, कारण अनपेक्षित प्रश्न आला की हाच तुम्हाला वेळ मिळवून देतो. त्याच्या जोडीला आणखी दोन असू द्या. समोरच्याचं नीट कळलं नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" आणि कागद शोधायला क्षणभर हवा असेल तर "जस्ट अ सेकंद, आय'म लुकिंग ॲट इट नाऊ." तुमच्या शांततेमुळे पलीकडचा "हॅलो? हॅलो?" करतो. तुम्ही अडल्या आहात हे त्याला दिसत नाही, लाइन गेली असं वाटतं. म्हणून थांबण्याचाही तुकडा जवळ हवा.

"शुक्रवारपर्यंत" मध्ये मात्र पैशांचा घोटाळा होऊ शकतो. मराठीत "पर्यंत" दोन कामं करतो. "शुक्रवारपर्यंत पाठवते" आणि "शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे". इंग्रजीत पहिल्याला "बाय फ्रायडे", दुसऱ्याला "टिल फ्रायडे". आपल्याकडे सर्रास "आय विल सेंड इट टिल फ्रायडे" म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, शुक्रवारपर्यंत रोज काहीतरी पाठवत राहणार. "बाय"चा अर्थ लिहून ठेवू नका. "आय'ल सेंड इट बाय फ्रायडे", "बाय द एंड ऑफ द डे", "बाय टुमॉरो मॉर्निंग" असे अख्खे तुकडेच वहीत जाऊ द्या.

आणि "ठेवते". "आय ॲम कीपिंग द फोन" ऐकून समोरच्याला तुम्ही फोन स्वतःकडे ठेवून घेताय असं वाटेल. "ऑल राइट, आय'ल लेट यू गो. थँक्स, बाय." म्हणजे तुमचा वेळ आणखी घेत नाही. संपवणारे आपण, पण सुटका त्याची केली असं म्हणायचं. सोलापुरात हा नखरा आपल्याला जमत नाही, आपण थेट "बरं ठेव आता" म्हणतो, पण त्यांच्याकडे तशी रीत आहे.

हे सगळे तुकडे कागदावर पाहिले की सोपे वाटतात आणि माणूस फसतो तो इथेच. तुकडा डोळ्यांनी पाठ होतो, तोंडात बसत नाही. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बारके शब्द गिळले जातात. "गेट बॅक टू यू" मध्ये जोर "बॅक"वर येतो, "टू" नुसता "ट" इतकाच उरतो आणि "लेट मी" बोलताना "लेमी" होतं. हे तुमच्या तोंडी आलं की दुहेरी फायदा होतो: तुमचं बोलणं ओघाने येतं आणि खरेदीदार भरभर "लेमी गेट बॅक ट यू" म्हणाला तरी तुम्हाला ते ओळखू येतं. "ते फार फास्ट बोलतात" ही तक्रार पुष्कळदा वेगाची नसतेच. आपण सुटे शब्द शोधत असतो आणि ते तुकडे बोलत असतात.

जोर कुठे पडतो ते ऐकायला `youglish.com` वर जाऊन `get back to you` टाइप करा. तो तुकडा खऱ्या बोलण्यात जिथे आलाय ते व्हिडिओ एकामागून एक लागतात. चार-पाच वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐका आणि त्यांच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. उच्चार त्यांच्यासारखा व्हावा असा अट्टहास नको. तुमचा सोलापुरी हेल राहिला तरी काही बिघडत नाही. जोराची जागा चुकली तर मात्र समजायला अडतं.

तुकडा मुरला की नाही हे तपासायची एक पद्धत आहे. मोबाइलच्या रेकॉर्डरवर वरचा फोन एकट्यानेच, कागद न बघता बोला आणि मग ऐकताना फक्त थांबे कुठे आलेत ते बघा. "लेट मी... चेक अँड... गेट... बॅक टू यू" असं झालं असेल तर तो अजून तुकडा झालेला नाही, तुम्ही तो जोडताय. "लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू... बाय फ्रायडे... विथ द नेक्स्ट सेलिंग डेट" असं आलं तर झालं काम. दोन तुकड्यांच्या मधे थांबलेलं कुणालाही खटकत नाही, जन्माने इंग्रजी बोलणारेही तिथेच श्वास घेतात. तुकड्याच्या पोटात थांबलं की ते भाषांतर वाटतं. खरेदीदाराशी झालेला खरा फोन मात्र त्याला न विचारता रेकॉर्ड करू नका, त्याची गरजही नाही.

तुकडे मिळवायचे कुठून? बाजारातल्या "हजार इंग्रजी वाक्यं" छापाच्या पुस्तकांतून नकोत. त्यात विमानतळावर कॉफी मागायची वाक्यं असतात आणि तुम्हाला शेड रिजेक्ट झाल्याचं सांगायचं असतं. आधी एक आठवडाभर फोनवर आणि ऑफिसात तुम्ही मराठीत काय काय बोलता ते टिपा. बघाल तर तीच ती वाक्यं फिरून येतात: चौकशी, उशीर, नमुना पाठवला, पैसे आले का, थांबा विचारते, ठेवते. वहीच्या डाव्या बाजूला ती मराठी वाक्यं आणि उजवीकडे इंग्रजी तुकडा. उजवी बाजू भरायला सगळ्यात चांगला झरा म्हणजे खरेदीदार स्वतःच. फोनवर त्याने "आर वी स्टिल ऑन ट्रॅक फॉर द ट्वेल्फ्थ?" विचारलं की फोन झाल्याझाल्या लिहून घ्या. पुढच्या वेळी तुम्ही डाइंग विभागाच्या ठेकेदाराला नाही, पण शिपिंग एजंटला तोच प्रश्न तसाच विचारू शकता. ईमेलमधूनही तुकडे मिळतात, मात्र जरा निवडून घ्या. "प्लीज फाइंड अटॅच्ड" ईमेलमध्ये चालतं, बोलताना कुणी म्हणत नाही. तिथे "आय'व्ह जस्ट सेंट इट ओव्हर" म्हणतात.

आठवड्याला पाच-सहा तुकडे पुरेत. प्रत्येकाच्या रिकाम्या जागेत आपल्या कामातलं चार वेळा काहीतरी भरून मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने फक्त डावी बाजू उघडी ठेवून पुन्हा. आणि त्या आठवड्यातल्या एका तरी खऱ्या फोनवर त्यातला एक वापरायचाच. वापरलेल्यापुढे खूण करा. महिनाभर ज्याच्यापुढे खूणच पडली नाही तो तुमच्या कामाचा नव्हता, खोडून टाका.

तुकड्यांचे दोन-तीन सापळे आहेत, तेही सांगून ठेवते. एक म्हणजे शेपटी. "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" असं आपल्याकडे खूप जण लिहितात, पण "टू"च्या पुढे तिथे "मीटिंग" येतं: "लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू". म्हणून वहीत नुसतं "लुकिंग फॉरवर्ड टू" नको, पुढचं एक रूप भरूनच लिहा. दुसरा सापळा उत्तराचा. पलीकडून "वुड यू माइंड होल्डिंग द शिपमेंट फॉर अ वीक?" आलं आणि तुम्ही मदत करायच्या उत्साहात "येस, येस" म्हणालात, तर शब्दशः अर्थ होतो "हो, हरकत आहे". तुमचा सूर गोड असल्यामुळे तो समजून घेईलही, पण शिपमेंटच्या बाबतीत अंदाजावर राहू नये. "नॉट ॲट ऑल, वी कॅन डू दॅट." प्रश्नाचा तुकडा शिकताना उत्तराचा तुकडाही सोबतच शिकायचा.

तिसरा म्हणजे चमकदार म्हणी आणि वाक्प्रचार पेरायचा मोह. इंग्रजी "नॅचरल" वाटावं म्हणून लोक ते गोळा करतात. तुमचा खरेदीदार जर्मनीतला किंवा जपानमधला असेल तर इंग्रजी त्याचीही शिकलेलीच भाषा आहे. "देअर्स गोइंग टू बी अ डिले" त्याला लगेच कळेल. एखादी चटपटीत ब्रिटिश म्हण टाकलीत तर तो गप्प बसेल आणि मग "हॅलो? हॅलो?" तुम्हाला करावं लागेल. साधे, रोजचे, झिजलेले तुकडेच खरे.

शेजारच्या सहकाऱ्याच्या हसण्याबद्दल दोन शब्द. आपल्या देशातल्या इंग्रजीचे स्वतःचे तुकडे आहेत: "प्लीज डू द नीडफुल", "आउट ऑफ स्टेशन", "प्रीपोन". मुंबईच्या एजंटशी ते बिनधास्त वापरा, त्याला दुसरं काही वाटणार नाही. परदेशी माणसाला "आउट ऑफ स्टेशन" ऐकून रेल्वे आठवेल, तिथे "ही'ज आउट ऑफ टाउन" म्हणा. "प्रीपोन" त्याला कळेलच याचा भरवसा नाही, तिथे "कॅन वी मूव्ह इट अप टू मंडे?" म्हणा. आपलं इंग्रजी कमी प्रतीचं म्हणून नव्हे, ऐकणारा वेगळा म्हणून. माझा अंदाज असा की तुमचे सहकारीही दोन्हींची सरमिसळ करत असतीलच. एखाद्या दिवशी कान देऊन ऐका.

राहिला क्लास. एका वेळी पंधरा-वीस जण बसवून फळ्यावर काळ शिकवणारा क्लास तुमच्या उपयोगाचा नाही, ते तुम्हाला येतंच. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: तासाभरात माझ्या वाट्याला बोलायला किती मिनिटं येतील, आणि माझ्या कामातले प्रसंग मी आणले तर त्यावर सराव करून घ्याल का? दोन्हींची उत्तरं नीट मिळाली तर जरूर जा, वही घेऊन जा. नाही मिळाली तर ऑफिसातली अशीच अडलेली एखादी मैत्रीण गाठा आणि जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं एकीने खरेदीदार व्हायचं, दुसरीने तुम्ही. खरेदीदार झालेलीने मुद्दाम वहीत नसलेला एक प्रश्न विचारायचा, म्हणजे "लेट मी चेक" कितपत तयार आहे ते कळतं. सुरुवात उशिराच्या फोनपासून करा, पुढच्या आठवड्यात पैसे राहिल्याचा फोन घ्या. तो जरा अवघड आहे. त्यात मऊही बोलावं लागतं आणि आकडाही सोडून चालत नाही. त्यासाठी पहिला तुकडा देऊन ठेवते: "आय जस्ट वॉन्टेड टू चेक ऑन द पेमेंट फॉर द लास्ट इन्व्हॉइस."